गोल चट्ट्याची कड

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी भांडुपला राहते, वय ४१. जूनच्या शेवटी कमरेला, परकराची नाडी येते तिथे एक लाल गोल चट्टा उठला. कड लाल, मधली कातडी जवळजवळ नेहमीसारखी. खाज इतकी की रात्री झोपमोड होते. नाक्यावरच्या केमिस्टकडून ट्यूब आणली, तीन दिवसांत खाज गेली, म्हणून लावायचं बंद केलं. आठवड्याभरात परत आलं, आधीपेक्षा मोठं. असं तीनदा झालं. आता त्या गोलाच्या आत आणखी एक गोल दिसतोय. मुलगा १५ वर्षांचा आहे, त्याच्या जांघेतही तसंच आलंय. सासूबाई म्हणतात नायटा आहे, टाकळ्याचा पाला वाटून लाव. जाऊबाई म्हणतात इसब आहे. माझ्या मनात कुष्ठरोगाची भीती आहे, घरात कुणाला बोलले नाही. हे नक्की काय आहे आणि मी काय करू?

— एक वाचक, भांडुप

ताई, मनातली भीती आधी घेऊ, कारण झोप खाजेने जितकी उडाली असेल तितकीच त्या भीतीनेही उडाली असणार. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही. तो फिकट किंवा तांबूस असतो, कोरडा असतो, त्यावर घाम कमी येतो आणि मुख्य म्हणजे तिथली जाणीव कमी झालेली असते. घरी बघायचं असेल तर कापसाची बारीक वात करा. डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी ती कधी चट्ट्यावर, कधी शेजारच्या चांगल्या कातडीवर अलगद टेकवायला सांगा. टेकली की तिथे बोट ठेवून दाखवायचं. दोन्हीकडे सारखं कळत असेल तर बरंच निश्चिंत व्हा. ही परीक्षा शंभर टक्के नाही, कारण काही चट्ट्यांत सुरुवातीला जाणीव शाबूत असते. पण रात्री जाग आणणारी खाज आणि बाहेर सरकत जाणारी लाल कड हे कुष्ठरोगाचं रूप नव्हे. आणि कापूस कळला नाही तरी घाबरू नका. महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी होते, औषधं मोफत मिळतात, प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

आता तुमच्या चट्ट्याकडे येऊ. मी तो पाहिलेला नाही, तरी तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींवरून मला हे गजकर्ण वाटतं, म्हणजे सासूबाईंचा नायटा. एक, गोलातला गोल. दोन, ट्यूबने तीन दिवसांत शांत होऊन आठवड्यात मोठं होऊन परत येणं. तीन, मुलाची जांघ. इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. गजकर्ण लागतं.

गजकर्णात किडा वगैरे काही नसतो. ती बुरशी असते आणि ती कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरावर जगते. त्या थरात केराटिन नावाचं प्रथिन असतं, तेच तिचं अन्न. एका ठिकाणी रुजली की ती चारी बाजूंना पसरायला लागते, जशी ओल्या भिंतीवर बुरशी गोल पसरते. शरीराला तिची चाहूल लागली की तिथे लाली येते, सूज येते, वरचा थर भराभर झडायला लागतो आणि त्याबरोबर बुरशीही झडते. मध्यभागी हे आधी घडलेलं असतं, म्हणून मध्य निवळतो. कडेला बुरशी नुकती पोचलेली असते, म्हणून तिथे लाल, किंचित उंच, बारीक पुळ्यांची आणि कोंड्याची किनार दिसते. मध्य स्वच्छ दिसला म्हणजे चट्टा बरा होतोय असं पुष्कळांना वाटतं, आणि मलमही ते मधोमध लावत बसतात. बुरशी तेव्हा कडेच्या बाहेर अर्धा सेंटीमीटर पुढे गेलेली असते, जिथे कातडी अजून चांगली दिसते.

म्हणून चट्टा बघायचा तो कडेला. सकाळच्या उजेडात खिडकीशी उभ्या राहा, दोन बोटांनी कातडी थोडी ताणा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरका धरा. तिरक्या उजेडात किनारीचा उंचवटा आणि तिच्यावरचे बारीक पांढुरके पापुद्रे लगेच उठून दिसतात. गजकर्णात ते किनारीवर असतात, मध्यावर जवळजवळ नसतात. आणखी एक करा. बॉलपेनने किनारीच्या बाहेरच्या बाजूने रेघ ओढा, फोटो काढा आणि सात दिवसांनी पुन्हा बघा. रेघ पुसट झाली तर मधेच गिरवा. गजकर्ण बहुधा रेघ ओलांडून गेलेलं दिसतं. गोल इसब सहसा आपल्या जागी राहतं. आणि दुसऱ्याच दिवशी गोलाचा पत्ता नसेल, दुसरीकडेच नवा उठला असेल, तर ते पित्त. पित्ताच्या गांधीही कधी कधी अशाच गोल उठतात, पण एक गांधी एका जागी चोवीस तासांच्या वर क्वचितच टिकते आणि तिच्यावर कोंडा नसतो.

तुमच्या बाबतीत मात्र कडेवरचा कोंडा कदाचित फारसा दिसणार नाही. त्याचं कारण ती ट्यूब. घरात असेल तर आत्ता काढा आणि तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेली औषधांची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, यांतलं एक जरी असेल तरी त्या मलमात स्टेरॉइड आहे. बरोबर एखादं बुरशीचं आणि एखादं जंतूंचं औषधही असेल, तीन-चार औषधं एकाच ट्यूबमध्ये. ही मिश्र मलमं मला रोज बघायला मिळतात. रुग्ण पिशवीतून चार-चार रिकाम्या ट्यूब टेबलावर काढतात, प्रत्येकीवरचं नाव वेगळं आणि आतला माल तोच.

स्टेरॉइड लालीला आणि सुजेला दाबतं, म्हणजे शरीराचा बुरशीला होणारा विरोधच दाबतं. खाज दोन-तीन दिवसांत जाते ती या कारणाने. बुरशी जाग्यावरच असते, उलट आता तिला कुणी अडवत नसल्याने ती आरामात पसरते. मलम थांबवलं की शरीर जागं होतं आणि लाली दुप्पट जोराने उठते. रुग्णाला वाटतं, मलम चांगलं होतं, आपण लवकर सोडलं. पुन्हा तेच लावलं जातं. असं चालू-बंद होत राहिलं की बुरशी निवळलेल्या मध्यात पुन्हा शिरते आणि जुन्या गोलाच्या आत नवा गोल उठतो. गोलातला गोल दिसला की मी रुग्णाला पहिला प्रश्न ट्यूबचाच विचारते. या मलमांनी कातडी पातळ होते, आणि जांघेत, काखेत, कमरेच्या घडीत पोटावरच्या बाळंतखुणांसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे आयुष्यभर जात नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर ते बघताना मला अतिशय वाईट वाटतं, कारण ते टाळता आले असते. तुमच्या मुलाने ती ट्यूब जांघेत लावली असेल तर आजच बंद करा. २०१८ पासून अशी बरीचशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती काउंटरवरून सहज मिळतात. नुसती खाज सांगून मलम मागू नका.

ट्यूब बंद केल्यावर चार-आठ दिवस चट्टा जास्त लाल होईल, जास्त खाजेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण नेमकं याच आठवड्यात धीर सुटतो. रात्रीच्या खाजेसाठी सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची गोळी झोपताना चालते. तिने सकाळीही गुंगी राहू शकते, तेव्हा घरात कुणी घेतली तर त्याने दुसऱ्या दिवशी स्कूटर जपून चालवावी. गार पाण्यात बुडवून पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेवा, मग ती जागा पूर्ण कोरडी करा. टाकळ्याचा पाला मात्र राहू द्या. पावसात बाजारात टाकळा येतो, त्याची भाजी करा, सासूबाईंनाही बरं वाटेल. पण वाटलेला पाला, लसूण, लिंबू असं काही या चिडलेल्या कातडीवर लावलं तर ती भाजते. कच्च्या लसणाने कमरेला फोड आलेली बाई मी पाहिली आहे. फोड आले की खालचा मूळ रोग ओळखणं आणखी अवघड होतं.

आता जाऊबाईंचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नका. गोल इसब आणि गजकर्ण यांत डॉक्टरसुद्धा फसतात, मी स्वतः फसले आहे. काही वर्षांपूर्वी एक २६ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. दिवसभर मोटरसायकलवर घरोघरी पार्सलं पोचवायचा. दोन्ही नडग्यांवर रुपयाएवढे लाल, खाजणारे गोल. बघता क्षणी मी गजकर्ण म्हटलं, कारण त्या महिन्यात दहापैकी आठ रुग्ण गजकर्णाचेच होते. खरवड, म्हणजे चट्ट्यावरून खरवडलेला कोंडा, न तपासता बुरशीचं मलम दिलं. महिन्याने तो परत आला तेव्हा गोल तितकेच होते, फक्त जास्त कोरडे, भेगाळलेले. मग मी नीट बघितलं. मध्य निवळलेला नव्हताच. सगळा गोल सारखा लाल होता आणि मधूनच पिवळसर पाणी सुटून त्याची खपली धरलेली होती. दोन्ही पायांवर जवळजवळ समोरासमोर होते. महिन्याभरात एकही गोल मोठा झाला नव्हता. खरवड दोनदा तपासली, बुरशी मिळाली नाही. विचारल्यावर कळलं, घाम येतो म्हणून तो दिवसातून तीनदा जंतुनाशक साबणाने कडकडीत पाण्याने अंघोळ करायचा. कातडीचं तेल सगळं निघून गेलं होतं. त्याला साधं पेट्रोलियम जेली अंघोळीनंतर लगेच लावायला सांगितलं, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवला आणि दोन-तीन आठवड्यांसाठी स्टेरॉइडचं मलम दिलं. होय, स्टेरॉइडच. गोल इसबाला तेच औषध. त्याचे गोल गेले. तुमच्या चट्ट्याला जे विष ठरलं ते त्याला औषध ठरलं, आणि म्हणूनच आधी नाव ठरवायचं, मग मलम.

आणखी दोन-तीन गोष्टी अशा गोल दिसतात, त्या थोडक्यात सांगते. पिटिरियासिस रोझिया नावाचा एक त्रास असतो. त्यात आधी धडावर एकच मोठा अंडाकृती चट्टा येतो, हुबेहूब गजकर्णासारखा. आठवड्या-दोन आठवड्यांनी छाती-पाठीवर लहान लहान पुष्कळ येतात आणि दीड-दोन महिन्यांत आपोआप जातात. सोरायसिसचे खवले जाड, चांदीसारखे असतात आणि कोपर, गुडघे, डोकं इथे शोधले की बहुधा सापडतात. हाताच्या पाठीवर किंवा पावलावर उंच गुळगुळीत किनारीचा गोल असेल, कोंडा अजिबात नसेल, खाजही नसेल, तर तो ग्रॅन्युलोमा ॲन्युलारे असतो आणि त्याला बुरशीचं काहीही लावून उपयोग नाही. आणि चट्टा बेंबीच्या खाली, जीन्सचं धातूचं बटण टेकतं नेमका तिथेच असेल, तर निकेलची ॲलर्जी आठवायची. तुमचा नाडीच्या रेषेवर आहे. नाडीच्या दाबानेही तिथली कातडी चिडते, काळवंडते, पण ती लांबट पट्ट्यासारखी चिडते, गोल कड धरून पुढे सरकत नाही.

हे सगळं ताडून बघायचं आणि तरी शेवटी खरवडच करायची. तिला डॉक्टर केओएच टेस्ट म्हणतात. चट्ट्याच्या किनारीवरून, मध्यावरून नव्हे, बोथट पात्याने किंवा काचपट्टीच्या कडेने थोडा कोंडा खरवडतात. दुखत नाही, रक्त येत नाही. तो कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकतात. दहा-वीस मिनिटांत कातडीच्या पेशी त्यात विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे धागे तसेच राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात, बांबूसारखे पेरं पेरं असलेले, फांद्या फुटलेले, पेशींच्या रेघा ओलांडून सरळ गेलेले. माझ्या रुग्णांना मी बोलावून दाखवते. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की महिना-दीड महिना औषध लावायला पुन्हा सांगावं लागत नाही.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असेल तर खरवडीत बुरशी पुष्कळदा सापडत नाही, असूनही. त्यामुळे तपासणीला जाण्याआधी शक्य असेल तर एक ते दोन आठवडे त्या जागी काहीच लावू नका आणि त्या दिवशी सकाळी तेल, पावडरही नको. अगदी निभत नसेल तर तसंच जा, पण ट्यूब बरोबर न्या. टेस्टमध्ये काही आलं नाही तर लगेच इसब समजून पुन्हा स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. आठवड्याने दुसऱ्या जागेवरून पुन्हा खरवडायला सांगा, किंवा कल्चर करायला, म्हणजे त्या कोंड्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला सांगा. कल्चरला तीन-चार आठवडे लागतात, पण त्यात बुरशीची जात कळते. सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. तुम्हाला भांडुपहून स्लो गाडीने सायन सोयीचं. मुलालाही त्याच दिवशी न्या, दोघांची खरवड एकदम होऊ दे.

बुरशी सापडली तर औषध किती दिवस, हा पुढचा प्रश्न, आणि इथे मला थोडं थांबायचंय. माझ्या शिकण्याच्या दिवसांत दोन-तीन आठवडे मलम लावलं की गजकर्ण जायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात ते चित्र बदललं. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेली बुरशी वेगळी जात म्हणून नोंदवली. तिला नाव दिलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. आपल्या देशाचंच नाव त्यात आहे. ही बुरशी अंगभर पसरते, माणसाकडून माणसाकडे झपाट्याने जाते आणि तिच्यातल्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही, कारण ते औषध ज्या एन्झाइमला धरतं त्याचाच आकार बदललेला असतो. त्यामुळे शेजारणीला पूर्वी टर्बिनाफिनने गुण आला म्हणून तुम्हाला येईलच असं नाही.

मलम लावायचं झालं तर बुरशीचं एकच औषध असलेलं, क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा लुलिकोनाझोल. पहिली दोन दिवसातून दोनदा, लुलिकोनाझोल एकदा. किनारीच्या बाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरसुद्धा, आणि लावायचं बाहेरून आत. किती? ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ काढली की अर्धा ग्रॅम होतो आणि तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुमचा चट्टा बाहेरची पट्टी धरून एका तळहाताएवढा समजा, म्हणजे एका वेळेला पाव ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे अर्धा ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरायला हवी. ती तीन महिने चालली असेल तर तुम्ही कमी लावलंत, आणि सहा दिवसांत संपली तर नको इतकं. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं. एकूण चार ते सहा आठवडे धरून चाला.

पण तीनदा स्टेरॉइड लागलंय आणि घरात दोघांना आहे, तेव्हा तुम्हाला पोटातलं औषधही लागेल असं मला वाटतं. बहुधा इट्राकोनाझोल दिलं जाईल. ते डॉक्टरने बघून द्यायचं, केमिस्टने नव्हे. यकृताचा आजार, अशक्त हृदय, गरोदरपण यांत ते चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. दोन चुका मात्र रोज होतात. इट्राकोनाझोलची कॅप्सूल उपाशीपोटी घेतली जाते आणि वर पित्ताची गोळीही घेतली जाते. या कॅप्सूलला पोटातलं आम्ल आणि जेवण दोन्ही लागतं. भरपेट जेवणानंतर घ्या. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. नाहीतर महिनाभर कॅप्सूल गिळाल आणि रक्तात औषध पोचणारच नाही. याला लोक औषध लागू पडत नाही म्हणतात.

आता परकराची नाडी. चट्टा तिथेच का उठला हे तिच्याकडे बघितलं की कळतं. लोकलच्या गर्दीत घाम सगळा कमरेशी साठतो, सुती नाडी तो शोषून घेते आणि परकर वाळला तरी नेफ्यातली नाडी ओलसर राहते. पावसात घरातल्या दोरीवर तर ती दोन दिवस वाळत नाही. उद्या नाडी नेफ्यातून ओढून काढा आणि बोटांत धरून बघा, बाकी परकर कोरडा असताना ती थंड लागेल. तीन-चार नाड्या ठेवा, रोज बदला, काढलेली गरम पाण्यात धुवा. परकर जरा वर-खाली नेसून दाब दुसरीकडे न्या. मुलाच्या कमरेला करदोडा असेल तर तोही औषध चालू असेपर्यंत काढून ठेवा. ओला करदोडा कमरेला असला की बुरशी पुन्हा पुन्हा तिथेच फिरून येते. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा, सणावाराला नवा बांधता येईल.

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि तुमचा नि मुलाचा रोज धुतलेला. अंतर्वस्त्रं, परकर, चादरी यांची वेगळी फेरी लावा, मशीनला ६० अंशांची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवा. उलटे करून वाळत घाला. ऊन नसेल तेव्हा कपडे उलट्या बाजूने इस्त्री करा, शिवणीवर आणि नेफ्यावर जरा जास्त वेळ फिरवा, कारण ओल तिथेच दडते. मुलाने भिजलेली जीन्स तशीच दुसऱ्या दिवशी चढवू नये. पावसात शाळेतून, क्लासवरून आला की आधी जांघा पुसून सुती सैल चड्डी. जीन्स महिनाभर बाजूला राहिली तर उत्तम.

घरातल्या बाकीच्यांना एका संध्याकाळी विचारा, कुणालाच लाज वाटू न देता, कमरेला, जांघेत, छातीखाली, काखेत खाजतं का. जांघेतलं खाजणं पुरुष महिनोन्महिने सांगत नाहीत. तुमच्या यजमानांनाही विचारा. एकालाही असेल तर त्याचे उपचार तुमच्याबरोबरच सुरू व्हायला हवेत, नाहीतर औषध संपल्याच्या पंधरवड्यात तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. घरात लहान मूल असेल आणि त्याच्या डोक्यावर कोंड्याचा गोल धरून केस तुटले असतील तर मलमाने ते जाणार नाही, त्याला गोळ्याच लागतात, म्हणून त्याला वेगळं दाखवा. मांजर पाळलेलं असेल तर त्याच्याही अंगावर केस गेलेले गोल शोधा.

गुण येतोय हे ओळखायची खूण पुन्हा कडच आहे. दहा-पंधरा दिवसांत किनार बोटाला सपाट लागायला हवी, कोंडा थांबायला हवा आणि पेनची रेघ ओलांडलेली नसावी. चार आठवड्यांतही हे झालं नाही तर तेच औषध पुढे ओढू नका, परत जाऊन कल्चर करून घ्या. त्या जागी तपकिरी डाग राहील, आणि तोच बघून घाबरल्यामुळे बऱ्याच जणी पुन्हा काहीतरी लावायला सुरुवात करतात. डाग सपाट असेल, खाजत नसेल, कोंडा सुटत नसेल तर तो रोग नाही, ती कातडीची राहिलेली खूण आहे. ती फिकट व्हायला चार-सहा महिने लागतात आणि तिच्यावर काहीही लावायची गरज नसते.